जाणाऱ्या सायरनचा सूर का उतरतो आणि तो कसा ऐकावा

‘रुग्णवाहिका जवळ येते तसतसा तिचा आवाज चढत जातो आणि ती पुढे गेली की उतरतो, हे कशामुळे?’ वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न वरचेवर येतो. कधी रुग्णवाहिकेऐवजी आगगाडीची शिट्टी असते, कधी अग्निशमन दलाचा बंब. उत्तर द्यायला हवंच, पण त्याआधी प्रश्नातली एक चूक काढायला हवी. सरळ रस्त्यावर एकाच वेगानं तुमच्याकडे येणाऱ्या वाहनाचा सूर जवळ येताना चढत नाही. तो लांबूनच चढलेला असतो. पुढे फक्त उतरतो.

या चुकीचा परिणाम रस्त्यावर होतो. सूर चढतोय म्हणजे गाडी जवळ येतेय, असं धरून चालणारे चालक मागच्या रुग्णवाहिकेला उशिरा वाट देतात. म्हणून या लेखात तीन गोष्टी पाहू: सूर का बदलतो, गाडी चालवताना त्यावर किती भरवसा ठेवावा आणि हवं असल्यास फोनवर शिट्टी टिपून आगगाडीचा वेग कसा काढावा.

सूर बदलतो म्हणजे काय होतं

उदाहरणाला आगगाडी घेऊ, कारण तिची शिट्टी एका सुरावर स्थिर असते. समजा, शिट्टी सेकंदाला ४०० कंपनं करते, म्हणजे तिची वारंवारिता ४०० हर्ट्झ आहे. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. गाडी उभी असेल तर एका सेकंदात निघालेल्या ४०० लहरी ३५० मीटर अंतरात पसरतात. दोन लहरींमधलं अंतर सुमारे साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटर पडतं.

आता तीच गाडी ताशी ९० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २५ मीटरनं तुमच्याकडे येतेय. पहिली लहर ३५० मीटर पुढे पोचेपर्यंत गाडी स्वतः २५ मीटर पुढे सरकलेली असते. त्यामुळे त्याच ४०० लहरींना ३२५ मीटरच जागा मिळते. त्या जवळजवळ येतात, आणि ध्वनीचा वेग तोच असल्यानं तुमच्या कानावर सेकंदाला ४०० ऐवजी सुमारे ४३१ लहरी आदळतात. सूर चढा ऐकू येतो. गाडी पुढे निघून गेली की मागच्या बाजूला त्याच ४०० लहरी ३७५ मीटरवर पसरतात. त्या विरळ होतात, कानावर सुमारे ३७३ पोचतात आणि सूर उतरतो.

इंजिनात बसलेल्या लोको पायलटला मात्र शिट्टी सतत ४०० हर्ट्झचीच ऐकू येते. रुग्णवाहिकेतल्या रुग्णालाही सायरनचा सूर पुढे-मागे झालेला जाणवत नाही, कारण त्याच्यात आणि सायरनमध्ये अंतर बदलतच नाही.

हा परिणाम ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे मांडला, तोही जोडताऱ्यांच्या प्रकाशाविषयी बोलताना. ध्वनीवर त्याची पडताळणी १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी उट्रेख्टजवळच्या रेल्वेमार्गावर केली. धावत्या गाडीवर तुतारीवादक बसवले आणि रुळांशेजारी सुरांचा पक्का कान असलेले वादक उभे केले. वारंवारिता मोजायचं हाताशी असलेलं सर्वांत विश्वासू साधन तेव्हा तयार कान हेच होतं.

किती फरक पडतो: पेटीवर मोजा

हर्ट्झचे आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर पेटीच्या पट्ट्या घ्या. शेजारशेजारच्या दोन स्वरांमधलं, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्यामधलं अंतर ही आपली मोजपट्टी. तुम्ही रस्त्याकडेला उभे असताना, येतानाचा आणि गेल्यावरचा सूर यांत पडणारा फरक असा:

- ताशी ३६ किलोमीटर: जवळजवळ बरोबर एक पट्टी.
- ताशी ५४ किलोमीटर: दीड पट्टी.
- ताशी ९० किलोमीटर: अडीच पट्ट्या. म्हणजे पांढरी एकपासून निघून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध.

गाणं शिकलेल्या माणसाला पाव पट्टीचा फरकही कळतो. इतरांना एक पट्टी सहज कळते. शहरातल्या गर्दीत ताशी वीस किलोमीटरनं जाणाऱ्या वाहनात मात्र हा फरक अर्ध्या पट्टीवर येतो, आणि रहदारीच्या गोंगाटात तो पकडता येत नाही.

जवळ येताना सूर ‘चढत जातो’ असं का वाटतं

वाहन सरळ तुमच्या दिशेनं येत असतं तेव्हा त्याचा पूर्ण वेग तुमच्याकडे रोखलेला असतो, म्हणून सूर सगळ्यांत चढा असतो. ते जवळ आलं की तुमच्या बाजूनं जायला लागतं आणि वेगाचा तुमच्याकडे येणारा हिस्सा कमी होतो. सूर तिथूनच घसरू लागतो. वाहन अगदी समोर असताना निघालेला आवाज मूळ सुरात पोचतो आणि पुढे सूर त्याखाली जातो. या सगळ्या प्रवासात चढण कुठेच नाही.

चढत जातो तो आवाजाचा जोर. जोर वाढला की आपला कान सूरही वाढल्याचं सांगतो. जॉन न्यूहॉफ आणि मायकेल मॅक्बीथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये प्रयोगांनी हेच दाखवलं: स्रोत जवळ येताना वारंवारिता प्रत्यक्षात घसरत असते, तरी ऐकणारे सूर चढल्याचं सांगतात. तेव्हा तुम्हाला तसं ऐकू आलं असेल तर कानात दोष नाही. माणसाच्या श्रवणाची ही रीतच आहे.

तुम्ही रस्त्यापासून किती दूर आहात यावर घसरणीचा वेग ठरतो. ताशी ५४ किलोमीटरनं जाणारं वाहन तुमच्यापासून पाच मीटरवरून गेलं तर घसरणीचा मोठा भाग पाऊण सेकंदाच्या आत उरकतो, आणि सूर एकदम कोसळल्यासारखा वाटतो. तेच वाहन तुम्ही पन्नास मीटर आत असलेल्या गॅलरीतून ऐकलं तर तीच घसरण जवळपास सात सेकंद चालते आणि लक्षातही येत नाही. दोन्हीकडे सुरुवातीचा आणि शेवटचा सूर तोच असतो. ‘आमच्या घरातून फरक कळत नाही’ असं लिहिणाऱ्या वाचकांनी एकदा रस्त्याच्या कडेला, पदपथावर उभं राहून ऐकावं.

सूर खरोखर चढण्याचे दोन प्रसंग आहेत. वाहन तुमच्याकडे येताना वेग वाढवत असेल, किंवा आडव्या रस्त्यावरून वळून तुमच्या रस्त्याला लागत असेल, तर सूर चढतो. पण ताशी ३६ वरून ५४ वर वेग नेला तरी ही चढण पाव पट्टीच्या आसपासच असते.

रुग्णवाहिकेचा सायरन फसवतो कसा

आगगाडीची शिट्टी उदाहरणाला घेतली, कारण आपल्याकडच्या बहुतेक रुग्णवाहिकांचा सायरन मुळातच चढता-उतरता असतो. तो एका फेऱ्यात खालच्या सुरापासून दुपटीहून वर जातो आणि पुन्हा खाली येतो. ताशी ३६ किलोमीटरनं जवळ येणाऱ्या गाडीमुळे पडणारा फरक मूळ सुराच्या तीन टक्के असतो. एवढ्या मोठ्या हेलकाव्यात तीन टक्के बुडून जातात. सायरनचा सूर वर जाताना ऐकून ‘जवळ आली’ आणि खाली येताना ऐकून ‘गेली’ म्हणणारे लोक वाहनाची चाल ऐकत नसतात, सायरनचं यंत्र ऐकत असतात.

अशा सायरनमध्ये फरक ऐकायचाच असेल तर हेलकाव्याचा सगळ्यांत वरचा सूर धरा. गाडी येताना तो कुठपर्यंत जात होता आणि गेल्यावर कुठपर्यंत जातो, एवढ्याच दोन गोष्टींची तुलना करा. मधल्या चढ-उतारांकडे लक्ष देऊ नका.

गाडी चालवत असाल तर

आतापर्यंत तुम्ही उभे होतात. तुम्ही स्वतःही चालत्या गाडीत असाल तर हिशेब बदलतो, आणि तो बदल नीट समजून घेण्यासारखा आहे.

समजा, महामार्गावर तुम्ही ताशी ५४ किलोमीटरनं जात आहात आणि समोरून, पलीकडच्या मार्गिकेतून, रुग्णवाहिका ताशी ७२ किलोमीटरनं येतेय. दोघांच्या वेगांचा परिणाम एकत्र होतो. येताना आणि गेल्यावर सुरात सुमारे साडेतीन पट्ट्यांचा फरक पडतो. हा फरक कुणालाही कळतो. पण या रुग्णवाहिकेला तुमच्याकडून काहीच नको असतं.

आता तीच रुग्णवाहिका, त्याच वेगानं, तुमच्या मागून येऊ द्या. ती तुमच्याकडे येतेय, पण तुम्हीही तिच्यापासून पुढे पळता आहात. सूर मूळ सुरापेक्षा जेमतेम दीड टक्का चढा लागतो. ती तुम्हाला ओलांडून गेल्यावरही एकूण फरक अर्ध्या पट्टीचाच पडतो. दोघांची चाल सारखी असेल तर तोही राहत नाही. ज्या रुग्णवाहिकेला वाट द्यायची, तिच्याच सुरातून तुम्हाला जवळजवळ काही कळत नाही. सुराची वाट पाहणं थांबवा, असं मी आग्रहानं सांगतो ते यासाठी.

सायरन ऐकू आला की क्रमानं हे करा:

1. गाणी किंवा रेडिओ बंद करा आणि दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या खाली घ्या. बंद काचांत आवाजाची दिशा कळत नाही.
2. तिन्ही आरसे पाहा. दिव्यांची उघडझाप आवाजापेक्षा आधी आणि खात्रीनं सांगते.
3. आवाजाचा जोर वाढतोय की कमी होतोय, एवढंच ऐका. उंच इमारतींच्या रस्त्यावर भिंतींवरून परतलेला आवाज चुकीच्या दिशेनं येऊ शकतो, म्हणून आरशावर जास्त भिस्त ठेवा.
4. इशारा देऊन डावीकडे सरका आणि वेग कमी करा. जागच्या जागी करकचून ब्रेक लावू नका. मागचा गोंधळतो आणि वाट बंद होते.
5. रुग्णवाहिका गेल्यावर तिच्या मागे लागून गर्दीतून वाट काढू नका. तिच्या मागे दुसरी असू शकते.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ ई आलं. रुग्णवाहिका, अग्निशमन वाहन किंवा राज्य सरकारनं ठरवलेलं अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘कुठून येतेय ते कळलं नाही’ म्हणण्याची वेळ येऊ नये, यासाठी आरसा पाहण्याची सवय हाच उपाय.

फोनवर शिट्टी टिपून गाडीचा वेग काढा

हा भाग शाळेतल्या मुलांसाठी आणि त्यांना प्रकल्पात मदत करणाऱ्या पालकांसाठी. एकच स्थिर सूर, सरळ वाट आणि न बदलणारा वेग या तीन गोष्टी लागतात. रेल्वे फाटक त्यासाठी उत्तम. फाटकाच्या अलीकडे रुळांशेजारी ‘सी/फा’ किंवा ‘W/L’ लिहिलेली पिवळी पाटी दिसते. तिथून लोको पायलटनं फाटकासाठी शिट्टी वाजवायची असते. गाडी न थांबणाऱ्या छोट्या स्थानकाचा फलाटही चालतो.

बंद फाटकाच्या बाहेर, रस्त्यावरच उभे राहा. फाटकाखालून आत जाऊ नका, रुळांकडेनं चालू नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिट्टी टिपण्याच्या नादात दुसऱ्या रुळावरची गाडी लक्षात येत नाही. मुलांसोबत मोठं माणूस हवंच.

पायऱ्या अशा:

- फोनच्या ध्वनिमुद्रकात गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा आणि शक्य असेल तर `WAV` प्रकारात मुद्रण करा. फोन आवाजाचा जोर आपोआप कमी-जास्त करतो, त्याची चिंता नको. वारंवारितेवर त्याचा परिणाम होत नाही.
- शिट्टी सुरू झाल्यापासून शेवटचा डबा जाईपर्यंत मुद्रण चालू ठेवा. इंजिनाचं तोंड तुमच्यासमोरून गेलं त्या क्षणी ‘आता’ असं म्हणा. शिट्टी इंजिनावर असते, म्हणून गाडीचा मध्य नव्हे तर इंजिन धरायचं.
- संगणकावर `Audacity` या मोफत प्रणालीत ध्वनिफीत उघडा. ‘आता’च्या आधी दोन सेकंदांहून लांबचा, शिट्टीचा अर्धा-एक सेकंदाचा तुकडा निवडा. `Analyze` मधून `Plot Spectrum` घ्या आणि `Size` मध्ये `16384` निवडा. आलेखात जी उंच टोकं दिसतील त्यांतलं ठळक टोक लिहून ठेवा.
- ‘आता’नंतर दोन सेकंदांनी पुढचा तुकडा घेऊन तेच करा.

दोन सेकंदांची अट का? रुळांपासून तुम्ही दहा मीटरवर असाल आणि गाडी पन्नास मीटर लांब असेल, तर तिच्या वेगाचे ९८ टक्के तुमच्या दिशेला असतात. त्याहून जवळचा तुकडा घेतला तर घसरण सुरू झालेली असते आणि वेग कमी निघतो. ताशी ९० किलोमीटरची गाडी पन्नास मीटर दोन सेकंदांत कापते. गाडी हळू असेल तर जास्त सेकंद सोडा.

मग हे सूत्र:

```
v = c × (f1 − f2) ÷ (f1 + f2)
```

इथे `f1` म्हणजे येतानाची वारंवारिता, `f2` गेल्यावरची, `c` म्हणजे ध्वनीचा वेग आणि `v` गाडीचा. मूळ शिट्टी किती हर्ट्झची होती हे माहीत असण्याची गरज नाही, हे या सूत्राचं वैशिष्ट्य. आपल्या उदाहरणात ४३१ वजा ३७३ म्हणजे ५८, आणि दोन्हींची बेरीज ८०४. ५८ ला ८०४ नं भागून ३५० नं गुणलं की सेकंदाला सव्वापंचवीस मीटर येतात. ३.६ नं गुणा: ताशी सुमारे ९१ किलोमीटर. आपण धरलेल्या ९० च्या हे जवळ आहे. एका किलोमीटरचा फरक हर्ट्झचे आकडे पूर्णांकात घेतल्यानं पडला.

ध्वनीच्या वेगासाठी त्या दिवशीचं तापमान घ्या. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला ०.६ नं वाढतो. तापमानात दहा अंशांची चूक झाली तरी उत्तर दोन टक्क्यांनीही हलत नाही.

कुठे चुकतं आणि ते कसं ओळखावं

आपल्या इंजिनांच्या शिट्टीत बहुधा एकाहून अधिक सूर एकत्र वाजतात, त्यामुळे आलेखात बरीच टोकं दिसतात. येतानाचं एक टोक आणि गेल्यावरचं भलतंच टोक धरलं तर वेग अशक्यप्राय येतो. ओळखायची खूण सोपी आहे. सगळी टोकं एकाच प्रमाणात खाली सरकतात. दोन वेगवेगळ्या टोकांवरून वेग काढा. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली नाहीत तर जोड्या चुकल्या.

शिट्टीचा रोख पुढे असतो आणि मागून डब्यांचा खडखडाट येतो, म्हणून गेल्यावरचा सूर दबलेला मिळतो. टोक स्पष्ट दिसत नसेल तर अंदाजानं आकडा भरू नका, पुढच्या गाडीची वाट पाहा. लोको पायलटनं फाटकापाशीच शिट्टी थांबवली असेल तरीही तेच करा, कारण एका आकड्यावरून वेग निघत नाही.

वर दिलेल्या मांडणीत, नेहमीच्या ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात, दोन शेजारच्या आकड्यांत २.७ हर्ट्झचं अंतर असतं. त्यामुळे उत्तरात ताशी चारेक किलोमीटर इकडे-तिकडे होणं स्वाभाविक आहे. या आकड्यावरून कुणावर वेगमर्यादा मोडल्याचा आरोप करू नका.

उत्तराची पडताळणी त्याच ध्वनिफितीत करता येते. गाडीला किती डबे होते ते मोजून ठेवा आणि पहिला डबा समोर आल्यापासून शेवटचा जाईपर्यंत किती सेकंद लागले ते फितीवरून काढा. एलएचबी डबा जोडणीसह साधारण २४ मीटर लांब असतो, जुना आयसीएफ डबा साधारण २२ मीटर. वीस एलएचबी डब्यांची लांबी ४८० मीटर होते. गाडी खरोखर ताशी ९० किलोमीटरनं गेली असेल तर हे डबे १९ सेकंदांच्या आसपास संपतात.